मेणबत्ती कोणाच्या बाजूला आहे?

*मी एक लघुकथा लिहिली आहे. पावसाळी संध्याकाळ, वीज जाते, आई-बाबा बाहेर अडकलेले. चौदा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचा मन्या मेणबत्ती लावून कॅरम खेळतात. मन्याच्या सगळ्या काळ्या सोंगट्या संपतात, शेवटी तो राणी घेतो आणि जिंकतो. त्याच क्षणी दिवे येतात आणि दोघं हसत सुटतात. मैत्रिणींना वाचायला दिली. सगळ्यांचं मत एकच, "वातावरण छान आहे गं, पण घडत काहीच नाही." आता मधे मोठं भांडण घालू का? की ताई शिकायला दूर जाणार आहे, असं काही आणू? माझा जीव त्या पावसाच्या वर्णनात अडकला आहे, ते काढावं लागू नये एवढीच इच्छा. कथा सोबत जोडली आहे.*

तुमची कथा दोनदा वाचली आणि काल रात्री घरातले सगळे दिवे बंद करून, कॅरम मांडून, मेणबत्ती लावून बसले. समोर कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी मीच खेळले. म्हणून पुढचं सगळं खात्रीने लिहिते आहे.

भांडण घालू नका आणि ताईला कुठे पाठवू नका. ती दोन्ही बाहेरून आणलेली कारणं आहेत. तुमच्या कथेत वीज गेली आहे, पण खेळावर तिचा काही परिणामच झालेला नाही, ही खरी अडचण आहे. वीज गेल्यावर मन्या आणि ताई जसे खेळतात, तसेच ते भर दुपारीही खेळले असते. मेणबत्ती तुम्ही "मिणमिणत" ठेवली आहे, पण ती कुठे ठेवली आहे ते सांगितलेलं नाही. बोर्डाच्या मधोमध तर ठेवता येत नाही, मग ती कोणाच्या तरी बाजूला असणार. आणि कोणाच्या बाजूला, यावरच ही कथा उभी राहू शकते.

मी मेणबत्ती ताईच्या डाव्या हाताला, एका स्टुलावर ठेवली. बोर्डाच्या कडेपासून साधारण वीस सेंटीमीटर लांब. अर्धी जळलेलीच होती, त्यामुळे ज्योत बोर्डाच्या पृष्ठभागापासून जेमतेम सात सेंटीमीटर वर. आता कॅरमला चारही बाजूंनी लाकडी चौकट असते, माझ्या बोर्डाची दोनेक सेंटीमीटर उंच आहे. मधोमध टांगलेल्या दिव्याखाली या चौकटीची सावली आपल्याला कधी जाणवत नाही. पण मेणबत्ती खाली असली आणि कडेला असली, की चौकटीची सावली बोर्डावर आतपर्यंत पडते. माझ्याकडे ती ताईच्या बाजूने आठ सेंटीमीटर आत आली होती. ताईच्या बाजूची दोन्ही पॉकेटं त्या काळोखात गेली.

मग मी तशीच बसून राहिले. मेणबत्ती जळत खाली आली, ज्योत सातावरून सहावर आली, तेव्हा सावली दहा सेंटीमीटरवर पोचली. पाचावर आली तेव्हा तेरावर. या आकड्यांना अर्थ आहे. नियमाप्रमाणे बनवलेल्या बोर्डावर, जिथे स्ट्रायकर ठेवतो त्या दोन ओळींपैकी खेळाडूच्या जवळची ओळ चौकटीपासून 10.15 सेंटीमीटरवर असते आणि दुसरी तिच्यापुढे 3.18 सेंटीमीटरवर. म्हणजे तासाभरात त्या सावलीने आधी पॉकेटं गिळली, मग पहिली ओळ गाठली आणि शेवटी ताईची स्ट्रायकर ठेवायची सगळी जागाच अंधारात नेली. तुमच्या कथेला लागणारं घड्याळ हेच आहे. "रात्र वाढत होती" असं कुठेही लिहायची गरज नाही. सावली कुठवर आली ते सांगत राहिलात की वाचकाला वेळ कळते, आणि काहीतरी जवळ येतं आहे हेही कळतं.

यानंतर मी उठून मन्याच्या जागी जाऊन बसले. ही गोष्ट तुम्ही स्वतः करून पाहा, वाचून तिचा अंदाज येणार नाही. मन्याच्या बाजूचा बोर्ड लख्ख दिसतो, त्याची स्ट्रायकरची ओळ दिसते, पण मान वर केली की ज्योत सरळ डोळ्यांत येते. तिच्या खालचा काळोखाचा पट्टा त्याच्यासाठी नुसता काळोख असतो. ताई त्याच पट्ट्यावर वाकून बसलेली आहे, तिला जवळून थोडं दिसतं. तिथल्या सोंगट्या मन्याला दिसतात, पण नुसते गोल ठिपके म्हणून. पांढरी ओळखू येते. काळी आणि लाल मात्र ओळखू येत नाहीत, कारण उजेड फार कमी झाला की लाल रंग काळपट दिसायला लागतो. मी राणी आणि एक काळी सोंगटी त्या पट्ट्यात ठेवली, समोर जाऊन बसले, आणि कुठली कुठे ठेवली होती ते मला स्वतःलाच आठवावं लागलं.

म्हणजे बोर्डाचा एक भाग असा आहे, जिथे काय आहे हे फक्त ताईला माहीत आहे. तुमची कथा इथे आहे.

आता शेवटाकडे येऊ, कारण तिथे एक चूक आहे आणि कॅरम खेळणारा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. काळ्या सगळ्या संपवून मग राणी घेता येत नाही. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं. कव्हर चुकलं तर राणी परत मधोमध येते. (राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात गेली तर कव्हर झालं असं धरतात.) म्हणून आपली शेवटची सोंगटी राणीच्या आधी पॉकेटमधे गेली, तर तो डाव आपण हरतो. घरोघरी गुणांचे हिशेब वेगळे असतात, काही घरांत काळीचे दहा आणि पांढरीचे वीस धरून खेळतात, ते तुमच्या कथेत आणू नका. काळ्या एकाच्या, पांढऱ्या दुसऱ्याच्या, हाच खेळ ठेवा. आणि ही चूक नुसती दुरुस्त करू नका, तिचाच शेवट करा. शेवटच्या सोंगटीआधी राणी, हा नियम तुमच्या हातात आहे आणि दोन ठिपक्यांतली लाल कुठली हे मन्याला दिसत नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बाकीचं आपोआप जुळायला लागतं.

मी जुळवून पाहिलं ते असं. ताई पांढऱ्या घेऊन खेळते आहे, मन्या काळ्या. मन्याने आठ काळ्या घेतल्या आहेत, त्याच्या मांडीशी आठांची रांग आहे. एक काळी आणि राणी बोर्डावर, मधल्या वर्तुळाजवळ, एकमेकींना चिकटून. ताईच्या दोन पांढऱ्या उरल्या आहेत, त्या मन्याच्या बाजूला. मन्या राणीवर नेम धरतो, स्ट्रायकर दोन्ही सोंगट्यांना लागतो आणि दोन्ही ताईच्या डाव्या कोपऱ्याच्या काळोखात जातात. चौकटीवर दोनदा टक्-टक् होतं. कुठलीच पॉकेटमधे पडत नाही. एक पॉकेटच्या तोंडाशी थांबली आहे, एक चार बोटं अलीकडे.

त्या का थांबल्या? याचं उत्तर तुमच्या पावसात आहे. तुमचं पावसाचं वर्णन साडेचारशे शब्दांचं आहे, त्यातला एकही थेंब कॅरमपर्यंत पोचत नाही. आणि पावसाळ्यात कॅरम कसा जड होतो हे खेळणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना माहीत असतं. प्लायवूड दमट होतं, सोंगट्या लाकडाच्या असल्या तर त्याही दमटतात, बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. एरवी पॉकेटमधे सरळ गेली असती ती सोंगटी दोन बोटं अलीकडे थांबते. आणखी पावडर टाकली की थोडा वेळ बरं वाटतं, मग तीच पावडर ओली होऊन जागोजागी चिकटते आणि स्ट्रायकर मधेच खेचल्यासारखा मंदावतो. आधी कोरड्या फडक्याने बोर्ड पुसायला हवा, पण मन्या दहा वर्षांचा आहे, तो पावडरच टाकणार. त्याला टाकू द्या. पहिल्या पानावर त्याने पावडरचा डबा उलटा करून झटकला, की शेवटच्या पानावर सोंगटी का अडली हे कोणाला सांगावं लागणार नाही. तुमचा पाऊस काढायचा नाही, तो खिडकीतून बोर्डावर आणायचा. खिडकीबाहेरचा मात्र शंभर शब्दांत बसवा. ढगांना हत्तींची उपमा दिलेली तीन वाक्यं आहेत, ती जाऊ द्या. "पन्हाळीचं पाणी एकसुरी पडत होतं" हे वाक्य ठेवा, ते उत्तम आहे, आणि मन्याला पॉकेटच्या जाळीत पडलेल्या सोंगटीचा आवाज का ऐकू येत नाही याचंही तेच कारण होईल.

राणी ताईच्या कोपऱ्यात आहे तर ताईच का घेत नाही, असा प्रश्न एखादा वाचक विचारेल. सोंगटी आपल्याच चौकटीला लागून, आपल्या ओळीच्या मागे असली की ती घेणं फार अवघड. स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर आपटून परत आणावा लागतो, आणि दमट बोर्डावर तो तेवढा परत येतच नाही. ताईला राणी दिसते, पण घेता येत नाही. मन्याला घेता येते, पण दिसत नाही. हे एका वाक्यात उरका, त्यावर रेंगाळू नका.

मग ताईचा फटका होतो, पांढरी जात नाही, आणि मन्याची पाळी येते. तो विचारतो, "ताई, यातली राणी कुठली गं?"

इथे दोन गोष्टी आधीपासून पेरलेल्या हव्यात, नाहीतर हा प्रश्न हलका पडेल. पहिली म्हणजे उठायचं नाही, हा नियम. मन्या उठून पलीकडे जाऊन का बघत नाही? तर सुरुवातीलाच एकदा तो फटका मारताना अर्धा उभा राहिलेला असतो आणि ताई दरडावते, "बस खाली. जागेवरून उठायचं नाही." खऱ्या सामन्यांतही खेळाडूला जागा सोडता येत नाही, त्यामुळे ताईचं म्हणणं बरोबरच आहे.

दुसरी पेरणी जास्त महत्त्वाची आहे. स्ट्रायकर ठेवताना तो दोन्ही ओळींना टेकलेला असावा लागतो. सावली पहिल्या ओळीवर पोचते तेव्हा ताईचा एक फटका असा असू द्या, की नीट ठेवला तर स्ट्रायकर मधल्या एका काळीवर अडकतो, आणि अर्धं बोट पुढे सरकवला तर वाट मोकळी आहे. ती सरकवते. मन्या ज्योतीकडे डोळे बारीक करून विचारतो, "लाईनीवर आहे ना?" ती म्हणते, "आहे." पांढरी जाते. मन्या काही बोलत नाही. ताईच्या मनात काय आलं याचा एक शब्दही इथे नको. तुमच्या मसुद्यात तुम्ही दोघांच्याही मनात आळीपाळीने शिरता. ते थांबवा आणि पूर्ण कथा ताईच्या जागेवरून लिहा, कारण माहिती तिच्याकडे आहे. मन्या आपल्याला तिच्या डोळ्यांना जेवढा दिसतो तेवढाच दिसू दे. त्याला संशय आला होता की नाही, हे तिलाही कळलेलं नाही.

आता शेवटचा प्रश्न. ताईला खोटं बोलता येतं. मन्याने आधी काळी घेतली तर डाव तिचा. मन्याने राणी घेतली आणि पुढच्या फटक्यात काळी घेतली, तर त्याला राणीचे तीन आणि तिच्या उरलेल्या दोन पांढऱ्यांचे दोन, असे पाच गुण. लिहिताना पहिला मोह होईल तो तिला खोटं बोलायला लावायचा आणि मग रडवायचा. दुसरा मोह, तिने खरं सांगावं, मन्याने जिंकावं आणि तिला हलकं वाटावं. मी दोन्ही लिहून पाहिले. दोन्हींत मन्या नुसता बाहुला होतो, ताई ठरवेल तसा हरणारा किंवा जिंकणारा. तिने खरं सांगावं आणि त्याने विश्वास ठेवू नये, असं लिहून पाहिलं तेव्हा मात्र मला कागदावरून मान वर करता आली नाही. साधारण असं:

"तोंडाशी आहे ती," ताई म्हणाली. "पॉकेटच्या तोंडाशी."

मन्याने स्ट्रायकर ठेवला. लगेच मारला नाही. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, म्हणजे ज्योतीकडेच पाहिलं असावं, कारण त्याचे डोळे मिचमिचले. मग त्याने स्ट्रायकर बोटभर उजवीकडे सरकवला.

"तोंडाशी म्हटलं मी," ताई म्हणाली.

"ऐकलं."

त्याने अलीकडचीला मारलं. हलकेच, जपून, जसं राणीला मारतात तसं. ती काळोखात घसरत गेली, तोंडाशी असलेलीला न लागता तिच्या कडेने वळली आणि दिसेनाशी झाली. पन्हाळीच्या आवाजात जाळीचा आवाज आला नाही.

"गेली?" मन्याने विचारलं.

ताईने मान हलवली. मग त्याला दिसलं नसेल म्हणून ती म्हणाली, "गेली."

त्याने बसल्या जागेवरून हात पुढे केला. तिने जाळीतून सोंगटी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती अंगठ्याने चाचपून पाहिली, दोन्ही बाजूंनी, आणि मग ज्योतीजवळ नेली.

एवढंच. राणी आणि काळी हाताला सारख्याच लागतात, म्हणून त्याला ती उजेडात न्यावी लागते. उजेडात ती कुठल्या रंगाची निघाली हे लिहू नका, वाचकाला आधीच माहीत आहे. "लाईनीवर आहे ना?" आणि "आहे" हे दोन संवाद त्याला स्वतःहून आठवतील. त्यांची आठवण तुम्ही करून दिलीत तर सगळा डाव वाया जाईल. दोन्ही ठिकाणी मन्या विचारतो, ताई एका शब्दात किंवा एका वाक्यात उत्तर देते, पाठीमागे पाण्याचा आवाज असतो. तेवढं साम्य पुरेसं आहे. पहिल्या ठिकाणी पाण्याच्या आवाजाचा उल्लेख आत्ता नाही, तो घाला.

आणि दिवे येऊ देऊ नका. दिवे आले की काळोखाचा पट्टा नाहीसा होतो, राणी लालभडक दिसते आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतात. मग तुम्हाला ते चेहरे लिहावे लागतील. तुमचा हसण्याचा शेवट तसाच झाला आहे. दिवे आले म्हणून तुम्हाला काहीतरी दाखवावं लागलं, आणि दुसरं काही नव्हतं म्हणून हसू दाखवलं.

लिहायला बसण्याआधी एक मात्र करा. कोणाला तरी समोर बसवा, दिवे घालवा आणि हा शेवटचा डाव खरोखर मांडा. दोन पांढऱ्या लांबच्या कडेला, काळी आणि राणी तुमच्या डाव्या कोपऱ्यात. माझ्या मांडणीत अलीकडची सोंगटी तोंडाशी असलेलीला न लागता जायला फार थोडी जागा होती, सातपैकी पाच वेळा ती धडकली आणि दोन्ही आत गेल्या. तसं झालं तर राणीला कव्हर मिळून मन्या जिंकतो आणि आपली कथा कोसळते. राणी तोंडाच्या मधोमध न ठेवता एका बाजूला, चौकटीला चिकटवून ठेवली तेव्हा वाट नीट मोकळी झाली. सोंगटी तीन सेंटीमीटरहून किंचित मोठी असते आणि पॉकेट साडेचारच्या आसपास, तेव्हा फार ऐसपैस जागा कधीच मिळणार नाही. म्हणून मन्या हलकेच मारतो. आणि म्हणूनच दोन्हींपैकी हा फटका जास्त कठीण आहे, तरी तो हाच निवडतो, हे ताईला दिसायला हवं. त्यासाठी फटक्याआधी एक वाक्य लागेल. तोंडाशी असलेली नुसत्या धक्क्याने गेली असती, एवढंच.

मेणबत्तीचं मेण बोर्डावर सांडू देऊ नका, कथेतही नाही आणि घरीही नाही. माझ्या बोर्डावर एक थेंब पडला, तो खरवडून काढला तरी तिथे स्ट्रायकर अजून अडखळतो.